पंचेचाळीस पट्ट्या

कापून दोन दिवस झालेल्या ठोंबातून वर आलेला कोंब ताईने बोटं आडवी धरून मोजला. तीन बोटं, आणि वर नखाएवढं. गोठ्याच्या मोरीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे नेपियर गवताचे सात ठोंब होते. पाच वर्षांपूर्वी तिने चार कांड्या चिखलात खोचल्या होत्या, त्यांचा हा पसारा. दर कापणीनंतर दोन दिवसांनी सकाळी ती कोंब मोजायची. लिहून कुठे ठेवायची नाही. जूनमध्ये तीन बोटं, ऑगस्टमध्ये चार, आणि डिसेंबरात याच ठोंबांतून दोन दिवसांत अर्धं बोटही वर येत नाही, हे तिला स्वतःच्या वयासारखं पाठ होतं.

हात धुऊन ती आत आली तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलेलं होतं. त्यावर खाकी कागद पसरला होता, चारही कोपऱ्यांवर चार कप. कागदावर बारा उभे रकाने. धाकटी बहीण पट्टी धरून रेघा मारत होती आणि बाबा खुर्चीच्या कडेवर बसून असे बघत होते, जसं काही ती त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन करत होती.

"ये ताई," छोटी म्हणाली. "तुझ्याशिवाय अडलंय. गाईंना रोज हिरवं किती लागतं?"

"मोठ्या आठ आहेत. पोटभर द्यायचं तर पंचवीस किलो प्रत्येकी."

"म्हणजे दोनशे. वासरं धरून दोनशे वीस. त्यात दोन भाग गवत, एक भाग शेंगवर्गी." छोटीने ते लिहिलं. "हे आपण वर्षातून किती महिने देतो?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात बांधाबांधावर चारा असायचा, जनावरं खाऊन टाकून द्यायची. दिवाळखोरी सुरू व्हायची ती थंडीपासून. मार्चनंतर तर नुसता वाळका कडबा, दूध निम्म्यावर आणि गाईंच्या बरगड्या मोजता येतील अशा. सोळा वर्षं हा गोठा ताईच्या हातात होता. आई गेली त्या वर्षी तिने कॉलेज सोडून विळा उचलला. सोळा उन्हाळे तिने कुठून कुठून पाला आणून, उधारीवर कडबा घेऊन गाई जगवल्या होत्या आणि दर उन्हाळ्यात बाबा दुधाची किटली हलवून बघत म्हणायचे, "यंदाही कमीच."

छोटी सहा वर्षं चारा संशोधन केंद्रात होती. समुद्राकाठच्या शहराबाहेर केंद्राची शेतं होती, तिथे ती गवतं तोलायची, वाळवायची, दळून तपासायची. गेल्या महिन्यात ती नोकरी सोडून घरी आली. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आल्याच्या आठव्या दिवशी बाबांनी जेवताना ताट पुढे सारून विचारलं, "छोटे, तू सांग. या चाऱ्याचं करायचं काय?"

ताईच्या हातातला घास हातातच राहिला होता. सोळा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. 'चारा संपला' हे बाबांनी तिला शंभर वेळा सांगितलं असेल. 'तू सांग' एकदाही नाही.

"वरच्या एका एकरात नेपियर," छोटी आता कागदावर बोट फिरवत म्हणाली. "एकदा लावलं की चार-पाच वर्षं बघायला नको. एकराच्या पंचेचाळीस पट्ट्या पाडायच्या. रोज एक कापायची. शेवटची कापेपर्यंत पहिली पुन्हा तयार. एका पट्टीतून दीडशे किलो. ओळींमध्ये पावसाळ्यात चवळी, थंडीत पाव एकर लसूणघास. बांधावर दशरथ घास आणि सुबाभूळ, ती झुडपं उन्हातही तग धरतात, तोडून घालायला."

"रोज एक पट्टी," बाबा म्हणाले. त्यांना वाक्याची चव आवडली होती. "घड्याळासारखं."

ताईने वाकून रकाने वाचले. जुलै, एक पट्टी, दीडशे किलो. ऑक्टोबर, एक पट्टी, दीडशे किलो. डिसेंबर, एक पट्टी, दीडशे किलो. जानेवारी, तेच.

चूक तिला पाण्यात पडलेल्या नाण्यासारखी स्वच्छ दिसली. समुद्राकाठी थंडी म्हणजे काय असते ते कुणाला ठाऊक; तिथलं गवत बारा महिने वाढत असेल. इथे पठारावर डिसेंबरात पहाटे नळाला हात लावला तर बोटं बधिर होतात. छोटीने केंद्राचे आकडे जसेच्या तसे उचलून घरच्या शेतात टाकले होते. जन्मापासून जी थंडी तिने अंगावर घेतली ती तिच्या वहीत नव्हती.

शब्द ताईच्या जिभेवर आला. तेवढ्यात बाबांनी कागदावरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, "बघ गं जरा. याला म्हणतात डोकं."

ताईने शब्द गिळला. "चांगलं आहे," ती म्हणाली.

"काही राहिलंय का?" छोटीने विचारलं. ती खरंच विचारत होती, पेन्सिल हातात धरून. "तुला जास्त कळतं इथलं."

"मला काय कळतंय. मी आपली विळेवाली."

 छोटीने मार्च ते जूनच्या रकान्यांवर हलकेच पेन्सिल टेकवली. "एक अडचण आहे. वरच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नाही. गवत मरणार नाही, पण वाढणारही नाही. उन्हाळा काढायचा तर अर्धा एकर तरी भिजता हवा. म्हणजे..."

"खालचं वावर," बाबा म्हणाले.

ओढ्याकाठचं ते अर्धा एकर ताईचं होतं. नुसतं म्हणायला नाही, कागदावर. ती पस्तिशीची झाली आणि लग्नाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं, त्या वर्षी बाबांनी ते तिच्या नावावर करून दिलं होतं. त्यात एक छोटी विहीर होती. मोटर तासभर चालली की पाणी संपायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच भरायचं, मे महिन्यातही. ताई तिथे काकड्या, वांगी आणि झेंडू लावायची. त्यातून फार काही यायचं असं नाही. पण त्या तुकड्यात कोणत्या वाफ्यात काय हे तिला कुणाला विचारावं लागत नसे.

"गवत एकदा लावलं की चार वर्षं जागा अडते," छोटी म्हणाली. "तू विचार करून सांग, ताई."

"सांगते," ताई म्हणाली आणि कप उचलून धुवायला गेली. कप गेल्यामुळे कागदाचा कोपरा गुंडाळला गेला. बाबांनी तो तळहाताने दाबून धरला.

*

वरच्या शेतात लावणी झाली. छोटीने दोरी बांधून ओळी आखल्या, तीन-तीन फुटांवर. ताईने ठोंब खोचले, तिच्या हातचा एकही ठोंब आडवा झाला नाही. मधल्या ओळींतून चवळी उगवली. सप्टेंबरच्या मध्यावर पहिली पट्टी कापली तेव्हा गवत डोक्यावर गेलं होतं. पट्ट्यांच्या तोंडाशी छोटीने रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या, एक ते पंचेचाळीस.

दूध वाढलं. टेम्पोवाला रोज सकाळी सातला यायचा, कॅन तराजूवर चढवायचा, आकडा वाचून भुवया उंचावायचा.

"ताई, गाई बदलल्या की काय?"

"गाई त्याच आहेत. हुशार माणूस आलंय घरात."

"मग तुम्ही आता आराम करा."

हे त्याने गमतीत म्हटलं होतं. ताईने दिवसभर ते चघळलं. संध्याकाळी बाबा गोठ्यात आले, कडब्याच्या गंजीशी उभे राहून म्हणाले, "सोळा वर्षं आपण उगाच जिवाचं रान केलं बघ. एवढं सोपं होतं." 'आपण' म्हणाले ते. ताई ढवळीची आचळं पुसत होती. तिने फडकं इतकं जोरात पिळलं की ढवळीने पाय हलवला.

नोव्हेंबरात चवळी संपली, लसूणघास नुकती पेरलेली. गवताची दुसरी फेरी चालू होती आणि पट्टी अजून दीडशे देत होती, कारण या फेरीतलं गवत ऑक्टोबरच्या उबेत वाढलेलं होतं. ताई मोरीकडच्या ठोंबांशी जायची, बोटं आडवी धरायची. दोन बोटं. मग दीड. तिला आतून काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं आणि लगेच स्वतःची किळसही यायची. अजून वेळ गेलेली नव्हती. आत्ता सांगितलं तर चाऱ्याचे ओट पेरता आले असते, लसूणघास पाव एकराची अर्धा एकर करता आली असती. ही दोन्ही थंडीतच खुलतात. गवताची जास्तीची कुट्टी खड्ड्यात दाबून मुरघास करून ठेवता आला असता. ती रोज ठरवायची, आज सांगू. रोज काहीतरी व्हायचं. एकदा बाबांनी शेजारच्या तिघांना बोलावून खुंट्या दाखवल्या. एकदा छोटीने जेवताना सांगितलं की केंद्रातले मोठे साहेब तिला 'आमची गवताची वही' म्हणायचे, आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

डिसेंबरच्या मध्यावर तिसरी फेरी सुरू झाली. पहिल्या खुंटीशी छोटी विळा घेऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. गवत तिच्या गुडघ्यापर्यंत होतं.

ताई मागे गाडा धरून होती. तिने छोटीची पाठ पाहिली. वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल.

"पाणी कमी पडलं का?" छोटी म्हणाली.

"पाणी दिलंय."

"खत?"

"तेही दिलंय."

छोटीने पट्टी कापली, गाड्यात भरली, गोठ्यात तोलली. साठ किलो. तिने गवत उतरवून पुन्हा एकदा तोललं, साठच. मग म्हणाली, "उद्या अडीच पट्ट्या कापू. भागेल."

आणि भागलं, आठ-दहा दिवस. रोज अडीच पट्ट्या. छोटी खुंट्यांच्या पुढे धावत होती आणि मागे राहिलेलं शेत हजामत केल्यासारखं दिसत होतं. लसूणघास जेमतेम वीतभर झाली होती, तिची पहिली कापणी जानेवारीच्या सुरुवातीला. त्याआधी कापली तर मुळं धरत नाहीत. दूध रोज अर्धा-अर्धा लिटर उतरत गेलं. टेम्पोवाला आकडा वाचायचा आणि कॅन उचलून निघायचा.

ताई वाट बघत होती ती वेगळ्याच गोष्टीची. बाबा कधी किटली हलवतात याची.

एका सकाळी त्यांनी हलवली. छोटी समोरच होती, हातमोजे काढत. बाबांनी किटली खाली ठेवली. "पहिलंच वर्ष आहे," ते म्हणाले. "शिकेल माणूस हळूहळू. थंडीने हात फुटलेत बघ तुझे, तेल लाव."

ताई शेणाची पाटी उचलून बाहेर गेली आणि खतखड्ड्याच्या कडेला पाटी तशीच डोक्यावर धरून उभी राहिली. तिच्या पहिल्या वर्षी, ती वीस वर्षांची होती तेव्हा, दोन गाई आटल्या होत्या. बाबा तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. तिचेही हात फुटले होते. तेलाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

*

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती वरच्या शेतात गेली तर छोटी सतराव्या पट्टीत वाकली होती. तिथलं गवत दोन आठवड्यांपूर्वी एकदा कापून झालं होतं आणि आता जेमतेम वीतभर होतं. छोटी तेच परत कापत होती, जमिनीलगत, मुठीत धरून.

ताईने तिच्या मनगटाला धरलं. "ठेव तो विळा."

"बांडीची गव्हाण रिकामी आहे."

"रिकामी राहू दे. कडबा घाल. हे कापलंस तर ठोंब मरेल. खाली चार बोटं तरी ठेवावी लागतात, आणि वर पानं असल्याशिवाय ते मुळांमध्ये काही साठवणार कुठून? थंडीत गवत झोपतं. झोपलेल्याला ओरबाडायचं नसतं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की आपोआप उठेल, पण जीव उरला असेल तर."

ती एका दमात एवढं बोलली. छोटीने विळा खाली ठेवला. तिचं नाक थंडीने लाल झालं होतं.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. तिने आजूबाजूला पाहिलं. बोडकं एकर, त्यात रंगवलेल्या खुंट्या, एखाद्या दफनभूमीसारख्या ओळीने उभ्या.

"तू कागद काढलास तेव्हापासून."

"जूनपासून."

"हो."

छोटी ओल्या मातीवरच बसली. गवताचं एक पान बोटाला गुंडाळत राहिली. ओरडली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

"मी विचारलं होतं तुला," ती शेवटी म्हणाली. "काही राहिलंय का, असं विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"मग?"

"बाबा कागदावरून हात फिरवत होते."

हे कारण बाहेर काढल्यावर किती लहान निघालं हे ताईला ऐकू आलं. छोटीला मात्र ते लहान वाटलं नसावं. ती हसली, नीट हसूही नव्हतं ते. "सहा वर्षं, दर रविवारी बाबांचा फोन. ताईने अमुक केलं, ताईने तमुक केलं. ताईच्या हाताखाली वासरू कधी दगावत नाही. ताई नुसती दारात आली तरी गाई माना वळवतात. मी काय तोलते, काय तपासते, कधी विचारलं नाही त्यांनी. मला वाटायचं फोन चुकून मला लागलाय."

"मला तर कधी बोलले नाहीत तसं."

"तोंडावर कशाला बोलतील. त्यांची पद्धतच ती."

ताईने विश्वास ठेवला नाही. म्हणजे छोटी खोटं बोलत नव्हती, हे दिसत होतं. पण सोळा वर्षांचं काही एका वाक्याने भरून येत नाही. शिवाय फोनवरचं कौतुक छोटीच्या कानात पडलं होतं. तेही तिलाच मिळालं होतं.

"केंद्रातून पत्र आलंय," छोटी उठत म्हणाली. "जागा रिकामी आहे, फेब्रुवारीत रुजू व्हा म्हणतायत. मी जाईन म्हणते. इथलं आता तूच बघ. तुलाच कळतं."

*

त्या संध्याकाळी बाबांना दोघींनी मिळून सांगितलं नाही. ताईने एकटीने सांगितलं. चूक तिला दिसली होती आणि ती बोलली नाही, एवढंच. बाबा चष्मा पुसत बसले. त्यांना राग आला की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाले, "आणि मी? मी पासष्ट वर्षं या थंडीत काढली. माझ्याही लक्षात आलं नाही. मी तर नुसता खूश होऊन बसलो होतो." मग पत्राचं कळलं, तेव्हा मात्र ते उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

ताई ओट्याशी उभी राहून विचार करत होती. छोटी गेली की घर पूर्वीसारखं होईल. टेबल भिंतीला लागेल. खुंट्या चुलीत जातील. बाबा पुन्हा तिच्याकडेच बघतील, कारण बघायला दुसरं कुणी नसेल. त्यासाठी तिने काहीही करायचं नव्हतं, फक्त नेहमीसारखं गप्प बसायचं होतं. ते तिला उत्तम जमत होतं, हे या सहा महिन्यांत सिद्ध झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर छोटीने नवा कागद पसरला. जायच्या आधी एवढं तरी नीट करून देते, म्हणाली. या वेळी ती लिहीत होती आणि ताई सांगत होती, उभ्याउभ्या, पदराला हात पुसत.

"जुलै ते ऑक्टोबर, गवत चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. तिथे तुझं बरोबर आहे. जास्तीचं निघेल ते टाकायचं नाही, मक्याबरोबर कुट्टी करून खड्ड्यात दाबायचं."

"मुरघास. किती?"

"थंडीचे साठ-सत्तर दिवस निघतील एवढा. नोव्हेंबरनंतर गवताला हात लावायचा तो सत्तर-ऐंशी दिवसांनी, तोही वरवर. त्या वेळी लसूणघास आणि ओट. लसूणघास अर्धा एकर, ऑक्टोबरच्या मध्यावर पेरायची, म्हणजे डिसेंबरपासून दर महिन्याला कापता येते."

"ओली घातली तर पोट फुगेल."

"तोडून अर्धा दिवस सुकवायची, कडब्यात मिसळून घालायची. ढवळीला आधी कडबा, मग ती. हावरट आहे." छोटीने कंसात 'ढवळी हावरट' असं लिहिलं. ताईने ते वाचलं. "हे कशाला लिहितेस?"

"केंद्रातल्या आकड्यांत ढवळी नव्हती."

बाबा दारात येऊन उभे होते. या वेळी ते कागदाजवळ आले नाहीत. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "बांधावरच्या सुबाभळीचा पाला कधीपासून तोडता येईल, ताई?"

तिला प्रश्न आधी कळलाच नाही. मग म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यापासून. यंदा रोपं लहान आहेत. आणि एका वेळी थोडाच घालायचा, चाऱ्याच्या चौथ्या भागाहून जास्त नाही."

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच.

ताईला आत काही मोठं उसळेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट जुनी जळजळ तिथेच होती, कोपऱ्यात, अंग चोरून बसलेली. त्यांनी हे छोटीच्या देखत विचारलं, छोटी आहे म्हणून विचारलं, असं ती जळजळ सांगत होती. बहुधा ती कधीच पूर्ण जाणार नव्हती.

छोटी मार्चच्या रकान्यापाशी आली. पेन्सिल थांबली. तिने मार्च, एप्रिल, मे आणि जूनची घरं तशीच सोडली, खाली एक बारीक रेघ मारली आणि पेन्सिल ठेवली.

"हे?" बाबांनी विचारलं.

"तेवढं रिकामं राहील," छोटी म्हणाली. "वरच्या विहिरीत पाणी नाही. यंदा नुसता कडबा, पुढच्या वर्षीपासून उरलेला मुरघास. तीन-चार गाई कमी कराव्या लागतील मार्चच्या आत, म्हणजे बाकीच्या निघतील. कोणत्या, ते ताई ठरवेल."

खालच्या वावराचं नाव तिने घेतलं नाही. बाबांनीही नाही. जूनपासून त्या वावराबद्दल ताईला तीनदा विचारून झालं होतं आणि तिन्ही वेळा 'सांगते' म्हणून तिने काहीच सांगितलं नव्हतं. आता दोघंही मुद्दाम दुसरीकडे बघत होते, छोटी पेन्सिलीच्या टोकाकडे, बाबा खिडकीकडे. तिला कुणी मागणार नव्हतं. तिने दिलं नाही म्हणून कुणी बोल लावणार नव्हतं.

बाहेर गोठ्यात बांडी हंबरली. ताईने मनातल्या मनात खालच्या वावराचे वाफे मोजले. काकडीचे चार. वांग्याचे सहा. कडेने झेंडू. विहिरीचं तासाभराचं पाणी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ठोंब फोडून लावले तर एप्रिलच्या शेवटी पहिली कापणी, मग मे, मग जून. उन्हात पाणी मिळालं तर गवत बोटाबोटाने नाही, हाताहाताने वाढतं. एकदा मुळं खोल गेली की ते वावर तिचं एकटीचं राहणार नव्हतं. रोज सकाळी तिथे छोटी विळा घेऊन येणार, बाबा बांधावर बसून बघणार, आणि कधी कोण कुणाचं कौतुक करेल याचा नेम नव्हता. चार वर्षं. कदाचित पाच.

आणि छोटी नसली तर त्यातलं काहीच होणार नव्हतं. वावर तिचं राहणार होतं, वांग्यांसकट, आणि गोठ्यात चार दावी रिकामी.

तिने खुर्ची ओढली. इतका वेळ ती उभीच होती.

"पेन्सिल घे," ती छोटीला म्हणाली.

छोटीने घेतली नाही. "ताई, माझ्यासाठी म्हणून नको."

"तुझ्यासाठी नाही. गाईंसाठी. आणि तू पत्राला नाही म्हणून कळव, पट्ट्या आखायला मला दोरी सरळ धरता येत नाही." तिचा आवाज कोरडा होता, भांडायच्या तयारीत असल्यासारखा. "मार्चपासून जूनपर्यंत, चारही घरांत लिही. खालचं वावर, अर्धा एकर, सगळं गवताला. लावणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि तिथे खुंट्या मोजून कापायचं नाही, मी सांगेन त्या दिवशी कापायचं."